आभार मानायचे की शेरा लिहायचा?

प्रश्न: ताई, धाकट्याचं लग्न होऊन बारा दिवस झाले. लग्न मुलीकडे, सांगलीला होतं. ठाण्याहून बस करून आम्ही पंचावन्न माणसं गेलो. बस वाटेत बंद पडली, पोचायला रात्रीचे साडेबारा वाजले, तरी गरम खिचडी-कढी तयार होती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. आम्ही काही सांगितलं नसतानाही त्यांची खोली तळमजल्यावर ठेवली होती. पण लग्नाच्या सकाळी वरच्या मजल्यावरचे गिझर चालेनात, तेव्हा माझ्या नणंदेचे यजमान सुनेच्या धाकट्या भावावर सगळ्यांदेखत ओरडले. तो बिचारा त्याच्या मामांबरोबर बादल्या वाहत होता. व्याह्यांनी हात जोडले, विषय तिथेच थांबला, माझ्या मनातून मात्र जात नाही. आता आभाराचं पत्र लिहायचं आहे. ह्यांचं म्हणणं, खर्च निम्मा-निम्मा होता, ग्रुपवर आभार मानून झाले, पत्र कशाला? मी हट्ट धरला म्हणून त्यांनी एक मसुदा करून दिला, तो सोबत पाठवते. त्यात काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. त्या प्रसंगाचा उल्लेख करावा का? आणि मुलगा-सून येत्या रविवारी मांडव परतायला जाणार आहेत, त्यांच्याच हाती पत्र द्यावं का?
— धाकट्याची आई, ठाणे

उत्तर: ताई, मसुदा दोनदा वाचला. चुकीचं त्यात काहीच नाही, आणि म्हणूनच तुम्हाला बोट ठेवता येत नाहीये. त्यातल्या चार ओळी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल.

“आपण केलेली सर्व व्यवस्था अत्यंत चोख होती. राहण्या-जेवण्याची कोठेही गैरसोय झाली नाही. मानपानात काही उणे राहिले नाही. आमच्या अपेक्षेपेक्षा आपण अधिकच केलेत, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.”

आता ही वाक्यं कोणाच्या तोंडी शोभतील ते बघा. शाळेत तपासणीला आलेले साहेब जाताना वहीत शेरा लिहितात, तो असाच असतो. पहिल्या वाक्याचा कर्ता ‘व्यवस्था’ आहे, माणूस नाही. हे वाक्य कार्यालयाच्या मॅनेजरच्या अभिप्राय-वहीत जसंच्या तसं उतरवलं तर कुणाला शंकाही येणार नाही. दुसऱ्या वाक्यात गैरसोय शोधून झाली आणि सापडली नाही. तिसऱ्यात ‘मानपान’ आला. तो शब्द मुलीच्या आईनं लग्नाआधीचे चार महिने धास्तीनं ऐकलेला असतो, आता तरी तिला त्यातून सोडवा. आणि ‘अपेक्षेपेक्षा अधिक’ म्हणजे काहीतरी अपेक्षा होती, मनात एक यादी होती, हे तुम्ही लेखी कळवताय. व्याही चांगले असतील तर ते पत्र वाचून खूश होतील. पण ते सुटकेचं समाधान असेल, पास झाल्याचं.

तुमच्या यजमानांचा यात दोष नाही. वरपक्षाची भाषाच अशी घडलेली आहे. सीमांतपूजन आठवा. वऱ्हाड गावाच्या शिवेवर आलं की तिथेच जाऊन त्याचं स्वागत करायचं म्हणून ते सीमांत. आता ते हॉलमध्येच उरकतात आणि पत्रिकेत ‘श्रीमंतपूजन’ असं छापतात, पण मुलीचे आईवडील नवऱ्या मुलाचे पाय धुतात ते अजून तसंच आहे. शेवटी झाल होते. वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती मुलाच्या आईच्या, आत्याच्या, काकूच्या डोक्यावर टेकवतात आणि मुलगी सांभाळा म्हणतात. पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील म्हणतात, “कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या.” तुमच्या व्याह्यांनीही म्हटलं असेल, कारण ते वाक्य म्हटल्याशिवाय मुलीचा बाप हॉलमधून बाहेर पडत नाही. दोन दिवस एक बाजू वाकलेली आणि एक बाजू ताठ, असं रीतभात म्हणून चालतं. मग घरी येऊन वरपक्ष लिहायला बसतो तेव्हा त्याच ताठ बाजूनं लिहितो: तपासलं, कमी काही आढळलं नाही.

इथे एक गोष्ट मान्य करते. “कुठे काही कमी पडलं नाही” हे मुलीच्या आईला ऐकायचं असतंच. पाठवणीनंतर तिच्या डोक्यात तोच भुंगा असतो, अमुक काकांना दुसऱ्यांदा जिलबी विचारली का, तमक्या मावशींची ओटी राहिली का. पण ते वाक्य तोंडी सांगायचं, आणि त्याच रात्री. घरी पोचल्या पोचल्या फोन करायचा, “पोचलो, सगळे छान आहोत, कुठे काही कमी पडलं नाही, आता तुम्ही झोपा,” आणि फोन लगेच सुनेकडे द्यायचा. तुम्ही तो केला असेल असं धरून चालते. त्या फोननं ती शंका मिटली. बारा दिवसांनी जाणाऱ्या पत्राचं काम वेगळं आहे.

ते काम काय, हे मला माझ्या वडिलांच्या ट्रंकेत सापडलं. माझ्या लग्नाला चाळीसहून अधिक वर्षं झाली. वडील गेल्यावर आम्ही भावंडं कागद आवरत होतो, तर एलआयसीच्या पावत्यांबरोबर एक अंतर्देशीय पत्र निघालं. माझ्या सासूबाईंचं, लग्नानंतर आठवड्याभरानं लिहिलेलं. त्यांचं शिक्षण मराठी चौथी, अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. त्यात व्यवस्थेचा उल्लेख नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की, तुमच्या आई दोन्ही दिवस बाजेवर बसून विडे बांधत होत्या, मी मोजले नाहीत पण परात दोनदा भरली, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांची बोटं दुखत असतील तर तेल चोळून द्या. आमच्या आजीकडे त्या लग्नात कुणाचं लक्ष नव्हतं, आमचंसुद्धा नव्हतं. वडिलांनी ते पत्र विम्याच्या कागदांत ठेवलं होतं, म्हणजे ते त्यांना कशाइतकं मोलाचं वाटलं ते बघा.

तर पत्रात एवढंच सांगायचं असतं, की तुम्ही जे केलंत ते आम्ही पाहिलं. नुसतं ‘सगळं छान झालं’ म्हणायला पाहावं लागत नाही.

आता तुमच्या यजमानांच्या मुद्द्याकडे येते. खर्च निम्मा-निम्मा हा उत्तम पायंडा आहे, आणि त्यामुळे हॉलचं भाडं, जेवणाचं बिल, भटजींची दक्षिणा यांचे आभार मानायचं कारण नाही, ते बरोबरच. पण लग्न सांगलीला होतं. वरच्या मजल्यावर समजा पस्तीस माणसं असतील. माणशी एक बादली म्हटलं, दोन हातांत दोन, तरी अठरा खेपा झाल्या. मामा-भाच्यांना प्रत्येकी नऊ. खालच्या चुलाणावरून, उकळत्या पाण्याच्या, जिना चढून, आणि त्या मुलाच्या सख्ख्या बहिणीचं त्या दिवशी लग्न. याचा निम्मा हिशोब कुठल्या रकान्यात धरायचा? यजमानांना एवढंच विचारा. लग्न ठाण्याला झालं असतं तर त्या खेपा तुमच्या घरच्यांनी घातल्या असत्या, आणि हे पत्र सांगलीहून यायला हवं होतं असं मी त्यांना लिहिलं असतं.

ग्रुपवर आभार मानलेत ते चांगलं केलंत, फक्त त्याला पत्राच्या जागी धरू नका. दोन्ही घरांच्या ग्रुपवर एकानं हात जोडले की पन्नास जण हात जोडतात, आणि वर सरकवत गेलं तर तुमचा मजकूर कुठला आणि तयार फॉरवर्ड कुठला ते ओळखू येत नाही. वऱ्हाडातल्या इतरांनी तिथे दोन शब्द लिहावेत, ती जागा त्यांचीच आहे. तुमचं पत्र मात्र कागदावर, तुमच्या हातचं, आणि एका घराला गेलेलं हवं.

लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ फोनवर घालवा. पंचावन्न जणांना विचारू नका, ‘छान होतं’ एवढंच ऐकायला मिळेल. ज्यांना काहीतरी वेगळं लागलं असेल त्यांना विचारा: तान्हं बाळ घेऊन आलेली कुणी, साखरेचा त्रास असलेलं कुणी, उपास असलेलं कुणी, आणि बसनं न येता आपापलं उशिरा पोचलेलं कुणी. पाहुणचार करणाऱ्यांची खरी दमछाक या चारांच्या वेळी होते, कारण हे आचाऱ्याच्या यादीत नसतं. बाळाला दूध कुणी गरम करून दिलं, कुणाच्या ताटात वाटीभर दही आठवणीनं आलं, रात्री एकट्यानं स्टँडवर उतरलेल्याला आणायला स्कूटर घेऊन कोण गेलं, हे त्यांच्याकडूनच कळेल. आणि नावं विचारा. ‘मुलीकडचे कुणीतरी’ म्हणतील, तेव्हा खोदून विचारा, कोण, चष्मेवाले का, निळ्या शर्टातला का. सून घरातच आहे, तिला वर्णन सांगितलं की ती नाव सांगेल. बहुधा ते काका-मामांपैकी नसतं, एखादा शेजारी किंवा भावाचा मित्र निघतो. त्याचं नाव ठाण्याहून आलेल्या पत्रात वाचलं गेलं की तुमच्या व्याह्यांची मान त्यांच्या आळीत उंच होते. त्यांच्यासाठी लोक राबले होते, आणि त्या लोकांना परत द्यायला त्यांच्याकडे आता काही असतं.

असे दहा तपशील गोळा झाले तरी पत्रात तीनच घ्या. दहा लिहिलेत की पुन्हा यादी होते, आणि यादीत ज्यांचं नाव नाही ते रुसतात. तुमचे तीन तर तुमच्या पत्रातच आहेत. त्यावरून मी एक नमुना करून दिला आहे. नावांच्या जागी टिंबं ठेवली आहेत.

॥ श्री ॥
ठाणे, दि. …

श्री. … आणि सौ. … यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

त्या रात्री बस बंद पडली तेव्हा आम्ही गाडीतच ठरवलं होतं, की आता पोचल्यावर जवळची बिस्किटं खायची आणि झोपायचं. साडेबाराला दारात आलो तर दिवे चालू होते आणि खिचडीला वाफ होती. ती आमच्यासाठी कितव्यांदा गरम केलेली होती ते आम्ही विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. आमच्याकडची मुलं अजून त्या कढीबद्दल बोलतात.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं आम्ही तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, गडबडीत राहून गेलं. तरी त्यांची खोली खालीच होती. ‘त्यांना कसं कळलं?’ हे त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता कौतुक सुरू करतात. त्यांनी तुम्हा दोघांना आशीर्वाद सांगितले आहेत.

लग्नाच्या सकाळी वरच्या मजल्यावर सगळ्यांना गरम पाणी मिळालं ते मामांच्या आणि चि. …च्या हातांनी. मुहूर्ताला आम्ही सगळे वेळेवर उभे होतो ते त्या दोघांमुळे. मामांना आमचा नमस्कार सांगा. चि. …शी मी स्वतः बोलले आहे.

चि. सौ. … इथे … (ही ओळ तुम्ही भरा, पुढे सांगते.)

तुम्ही दोघं इकडे कधी येता? तुम्ही आमच्याकडे आलात की त्या दिवशी मी तुम्हाला वाढणार आहे, तुम्ही उठायचं नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.
आपले,
… आणि …

इतकंच. कागदाच्या दीड पानापेक्षा जास्त नको.

‘सप्रेम नमस्कार’ मी मुद्दाम घातला. मसुद्यात वरती ‘कृ. सा. न. वि. वि.’ होतं, कृतानेक साष्टांग नमस्कार हा वडीलधाऱ्यांना करायचा, आणि खाली चार ओळी तपासनिसाच्या. हे म्हणजे डोकं पायावर आणि हातात छडी. व्याही-विहीण ही बरोबरीची नाती, सप्रेम नमस्कारच त्यांना शोभतो.

सुनेच्या नावामागे यजमानांनी ‘चि. सौ. कां.’ लिहिलंय, ते पत्रिकेवरून उतरलं असावं. सौभाग्यकांक्षिणी लग्न लागेपर्यंत, आता ‘चि. सौ.’ किंवा नुसतं नाव. हे बारीक वाटेल, पण तिकडे आजी असतील तर त्या पहिल्यांदा हेच वाचतील.

आणि मसुद्याच्या शेवटी ते वाक्य आहे, “आता ती आमची मुलगी झाली, आपण काळजी करू नये.” हे वाक्य प्रेमानं लिहिलं जातं यात शंका नाही. पण ज्या घरातली खोली बारा दिवसांपूर्वी रिकामी झाली तिथे ते वाचलं जाणार आहे. ती आमची झाली, म्हणजे तुमची होती. त्याऐवजी तिची एक खरी बातमी द्या, तीही लहान आणि अलीकडची. ‘रमली आहे’ हे सगळेच लिहितात. तिनं परवा सासूबाईंच्या औषधाच्या डब्यावर वार लिहून दिले असतील, कूकरची शिट्टी तुमच्यापेक्षा लवकर बंद करत असेल, गॅलरीतल्या तुळशीची जागा बदलली असेल. जे खरंच घडलं ते. मुलीची आई ती ओळ वाचून म्हणेल, “हो, ही तशीच आहे.” कौतुकाची असली पाहिजे असंही नाही, थोडी गमतीची चालेल, फक्त ती सुनेला वाचून दाखवता येईल अशी असावी.

दिलेल्या वस्तूंचा उल्लेख पत्रात करू नका. अंगठी, भांडी, साड्या, काही नाही. आभार वस्तूंचे मानले की पाहुणचार मागे पडतो आणि आहेर पुढे येतो. शिवाय नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवण्याचा नियमच आहे, हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली झालेला. त्यात वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव-नातं हे लिहून दोघांनी सह्या करायच्या असतात. ती यादी त्या दोघांनी जरूर करावी, पण तिची जागा वेगळी. आणि नुसतं पत्र कसं पाठवायचं म्हणून सोबत साडी-बिडी पाठवू नका. साडी गेली की तिकडून परत काहीतरी येणार, आणि आत्ताच कुठे संपलेली देवघेव पुन्हा सुरू होणार. पाठवायचंच असेल तर दोन फोटो छापून पाठवा. फोटोग्राफर सगळा वेळ नवरा-नवरीमागे असतो. मुलीचे वडील अल्बममध्ये एक तर हात जोडून असतात, नाहीतर पाठमोरे. तुमच्या वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ते हसताना सापडतील. शोधा.

आता त्या सकाळबद्दल.

पत्रात तो प्रसंग लिहू नका. असं पत्र एकट्यानं वाचलं जात नाही. ते मोठ्यानं वाचलं जातं, मामींना दाखवलं जातं, मग टीव्हीखालच्या खणात राहतं. माफी त्यात घातलीत तर ज्यांना तो प्रसंग माहीत नाही त्यांनाही कळतो, आणि त्या मुलाला सगळ्यांदेखत ओरडा मिळाला तसा सगळ्यांदेखत पुन्हा आठवतो. पण पाण्याचा उल्लेख गाळूही नका, कारण तो गाळला तर व्याह्यांना वाटेल की हे अजून तिथेच अडकलेत. म्हणून नमुन्यात पाणी आहे, ओरडणं नाही. ज्या गोष्टीवरून त्यानं बोलणी खाल्ली तिचंच श्रेय त्याला नावानिशी मिळतंय, हे त्या घरात सगळ्यांना समजेल.

माफी मात्र मागायची, आणि ती त्यालाच. त्याच्या वडिलांकडे मागितलीत तर ते पुन्हा हात जोडतील. ते त्यांना आता सवयीनं जमतं. मुलाला फोन करा, तुम्ही स्वतः, पत्र टाकायच्या आदल्या दिवशी. सुनेकडून नंबर घ्या, कारण सांगा, तिला ऐकायला बसवू नका. बोलायचं ते दोन मिनिटांत: “अरे, त्या दिवशी सकाळी आमच्याकडून तुला जे बोललं गेलं ते चुकीचं होतं. तू पाणी आणत होतास आणि तुलाच ऐकावं लागलं. मी तिथे होते, मी तेव्हाच थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. त्याबद्दल माफ कर.” इथे थांबा. ‘त्यांचा स्वभावच तसा आहे, मनात काही नसतं’ हे जोडू नका. मनात काही नव्हतं हे ऐकून ज्याच्यावर ओरडलं गेलं त्याला काही मिळत नाही. ‘गैरसमज झाला’ तर मुळीच नको, गैरसमज कुणाचाच झाला नव्हता, गिझर बंद होते. तो “नाही हो काकू, त्यात काय” म्हणेल. म्हणू दे, वाद घालू नका, त्याच्या कॉलेजचं विचारा आणि फोन ठेवा.

राहिले नणंदेचे यजमान. त्यांनी स्वतः फोन केला तर सोन्याहून पिवळं, पण तो त्यांच्याकडून ओढून आणू नका. तुमच्या यजमानांनी बहिणीला नव्हे, थेट मेहुण्यांना सांगावं: “आम्ही त्या मुलाची माफी मागितली आहे, तुम्हालाही बोलावंसं वाटलं तर हा नंबर.” बस. तुम्ही नणंदेशी बोलायला गेलात तर सहा महिने घरात तोच विषय राहील. आणि ते रागावलेच, की आमच्या वतीनं माफी मागणारे तुम्ही कोण, तर उत्तर सोपं आहे: ते आमचं वऱ्हाड होतं. वऱ्हाड नेणाऱ्यानं वऱ्हाडाचं बोलणंही आपल्या अंगावर घ्यायचं असतं. जेवणाची तारीफ आपण घेतो तसं.

आता रविवार. पत्र जोडप्याच्या हाती देऊ नका. मांडव परतायला मुलगी पहिल्यांदाच माहेरी जाते. दारात तिला ओवाळतील, आई तिच्या तोंडाकडे बघत बसेल, आणि त्यात हिनं पर्समधून सासरचं पाकीट काढायचं? सगळ्यांना आधी धस्स होईल. मग ते तिच्यासमोर वाचलं जाईल आणि आईला मोकळेपणानं डोळे पुसता यायचे नाहीत. पत्र स्पीड पोस्टानं उद्याच टाका, म्हणजे रविवारच्या आत पोचेल अशी आशा धरता येईल. नाहीच पोचलं तर सोमवारी-मंगळवारी, मुलगी परत गेल्यावर, घर दुसऱ्यांदा रिकामं झालेलं असताना मिळेल. तेव्हा तर ते जास्तच हवं असेल.

अक्षर तुमचं असू दे, खाली सह्या दोघांच्या. यजमानांना सही करण्याआधी वाचायला द्या. ते म्हणतील, यात मानपानाचं, व्यवस्थेचं काहीच कसं नाही? म्हणा, ते फोनवर सांगून झालंय. पाकिटावर विहीणबाईंचंही नाव घाला, नुसतं ‘श्री.’ नको, गेल्या चार महिन्यांत त्या घरी आलेल्या प्रत्येक कागदावर फक्त व्याह्यांचं नाव असणार.

सुनेची सही घेऊ नका, ती वरपक्षाची होऊन आपल्याच आईवडिलांचे आभार मानतेय असं दिसेल. पण टाकण्याआधी ती “काय लिहिलंत?” म्हणाली तर लपवू नका, दाखवा. वाचून तिनं एखादा शब्द बदलायला सांगितला तर बदला. तिच्या घरी तो शब्द कसा ऐकला जाईल हे तुम्हाला-मला माहीत नाही, तिला माहीत आहे.